चंद्राच्या कला आणि पृथ्वीची सावली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नागपुरातील तिसरी-चौथीची मुले, त्यांचे पालक आणि वर्गात हा धडा शिकवणारे शिक्षक आम्हांला पुन्हा पुन्हा पाठवत असतात. त्यांतील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आढळते: पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो. ही समजूत चुकीची आहे आणि ती मोठ्या माणसांतही सर्रास आढळते, म्हणून येथे सर्वांत जास्त जागा तिलाच दिली आहे. उत्तरे मुलांसाठी लिहिली आहेत. काही प्रयोग मात्र उन्हात करायचे असल्यामुळे त्या वेळी मोठे माणूस सोबत असावे. सूर्याकडे थेट कधीही पाहू नये.

1. चंद्र रोज वेगवेगळ्या आकाराचा का दिसतो? तो खरोखर लहान-मोठा होतो का?

नाही. चंद्र हा दगडमातीचा एक गोल आहे आणि तो नेहमी पूर्ण गोलच असतो. त्याला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याचा प्रकाश त्याच्यावर पडतो आणि तो जेथे पडतो तेवढाच भाग आपल्याला चमकताना दिसतो. कोणत्याही गोल वस्तूवर एका बाजूने ऊन पडले की तिचा अर्धा भाग उजळतो आणि अर्धा अंधारात राहतो. चंद्राचेही तसेच आहे: अमावास्या असो वा पौर्णिमा, त्याचा अर्धा भाग उजळलेलाच असतो.

बदलते ती आपली पाहण्याची दिशा. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे त्याची ही उजळलेली बाजू कधी पूर्णपणे आपल्याकडे असते, कधी बाजूने दिसते, तर कधी आपल्याकडे पाठ करून असते. उजळलेल्या अर्ध्या भागापैकी जेवढा आपल्याला दिसतो, तेवढी त्या दिवशीची चंद्राची कला. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत हे चक्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पूर्ण होते.

2. मग चंद्राचा जो भाग काळा दिसतो, तो काळा कशामुळे होतो? पृथ्वीची सावली नाही, तर कोणाची?

त्या भागावर रात्र असते, एवढेच. नागपुरात रात्र होते तेव्हा आपल्यावर कोणा दुसऱ्या ग्रहाची सावली पडलेली नसते. पृथ्वीची आपली बाजू सूर्याकडे पाठ करून असते, म्हणून अंधार होतो. चंद्रावरही नेमके हेच घडते. सावली म्हणायचीच झाली, तर ती चंद्राची स्वतःचीच आहे. आर्यभटांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस हेच लिहून ठेवले होते: पृथ्वी आणि ग्रह यांच्या गोलांचा सूर्यासमोरचा अर्धा भाग प्रकाशतो आणि उरलेला अर्धा स्वतःच्याच सावलीने निस्तेज राहतो.

3. पृथ्वीची सावली नाही हे कशावरून? आम्ही स्वतः तपासू शकतो का?

होय, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही. शुद्ध अष्टमीचा दिवस निवडा. पावसाळ्यात नागपूरचे आकाश बहुधा झाकलेले असते, म्हणून नोव्हेंबर किंवा डिसेंबरमधील अष्टमी बरी. दुपारी चारच्या सुमारास गच्चीवर किंवा मैदानात जा. अर्धा चंद्र दिवसाढवळ्या आग्नेय दिशेला, बराच वर आलेला दिसेल; तो पांढरट आणि फिकट असतो, म्हणून थोडा शोधावा लागतो. सूर्य त्या वेळी पश्चिमेकडे झुकलेला असेल.

आता एक हात चंद्राकडे करा आणि दुसरा सूर्याच्या दिशेला, मात्र सूर्याकडे न पाहता. जमिनीवर पडलेली आपली सावली ज्या बाजूला असते, तिच्या नेमक्या उलट बाजूला सूर्य असतो, हे ध्यानात घेतले की दिशा सापडते. तुमच्या दोन हातांमध्ये जवळजवळ काटकोन झालेला असेल.

आता विचार करा, पृथ्वीची सावली या वेळी कोठे असेल? सावली नेहमी प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला पडते. सूर्य पश्चिमेला असेल, तर पृथ्वीची सावली पूर्वेकडे, आणि सूर्य अजून क्षितिजाच्या वर आहे म्हणून ती पूर्व क्षितिजाच्याही खाली, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला पसरलेली असणार. चंद्र तर तुमच्या डोळ्यांसमोर आकाशात उंच आहे आणि सावलीच्या दिशेपासून पाव वर्तुळ दूर आहे. पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये आलेलीच नाही, तरीही चंद्र अर्धाच आहे. त्याची उजळलेली बाजू पाहा: ती पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याकडे तोंड करून असते.

एवढ्यावर समाधान झाले नाही, तर पुढचा प्रयोग करा.

4. संत्र्याचा प्रयोग कसा करायचा?

वरच्याच दिवशी, त्याच वेळी एक संत्रे सोबत न्या. पेन्सिलीचे टोक संत्र्यात खोचून ती दांडीसारखी धरा, म्हणजे बोटांची सावली संत्र्यावर पडणार नाही. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत नव्हे, तर थेट उन्हात उभे राहा. हात पूर्ण लांब करून संत्रे आकाशातील चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असे धरा आणि एक डोळा मिटून दोघांकडे एकदम पाहा.

संत्र्याची उन्हाकडची बाजू उजळ आणि दुसरी बाजू गडद दिसेल, आणि उजेड-अंधार यांना विभागणारी रेषा चंद्रावरच्या रेषेसारखीच, तेवढ्याच तिरक्या कोनात असेल. संत्रेही अर्धे, चंद्रही अर्धा. संत्र्याची गडद बाजू अगदी काळी होत नाही, कारण आजूबाजूच्या भिंती आणि आकाश यांचा उजेड तिच्यावर पडतो. तिकडे दुर्लक्ष करावे.

हे असे का जुळते? सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे, तर चंद्र सुमारे 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. सूर्य चंद्रापेक्षा जवळपास 390 पट लांब असल्यामुळे तुमच्या हातातील संत्र्यावर आणि चंद्रावर ऊन जवळजवळ एकाच दिशेने पडते, आणि तुम्ही दोघांकडे एकाच दिशेने पाहत असता. संत्र्यावर पृथ्वीची सावली पडलेली नाही, हे तर तुम्हांला दिसतेच आहे. मग अगदी तसाच दिसणारा चंद्र समजण्यासाठी तरी पृथ्वीची सावली कशाला हवी?

दोन दिवसांनी, दशमीला, साडेचार-पाचच्या सुमारास चंद्र पूर्वेच्या बाजूला असताना हाच प्रयोग पुन्हा करा. चंद्र अर्ध्याहून जास्त भरलेला असेल आणि त्याच्या शेजारी धरलेले संत्रेही तेवढेच भरलेले दिसेल.

5. पृथ्वीची सावली आपल्याला कधी दिसते का?

दिसते, आणि त्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. हिवाळ्यात आकाश स्वच्छ असताना, जेथून पूर्वेकडचे क्षितिज मोकळे दिसते अशा उंच गच्चीवर सूर्यास्ताच्या वेळी उभे राहा. फुटाळ्यावर सूर्यास्त पाहायला जमलेली मंडळी पश्चिमेकडे पाहत असतात. आपल्याला नेमके उलट, पूर्वेकडे पाहायचे आहे. सूर्य मावळल्यावर काही मिनिटांतच पूर्व क्षितिजालगत निळसर-राखाडी रंगाचा एक आडवा पट्टा वर येऊ लागतो आणि त्याच्या वर गुलाबी रंगाची पट्टी असते. तो निळसर पट्टा म्हणजे आपल्या हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. पंधरा-वीस मिनिटांत ती वर सरकत रात्रीच्या अंधारात मिसळून जाते. क्षितिजावर धूळ किंवा धूर असेल, तर पट्टा नीट ओळखू येत नाही.

शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी हे पाहिले, तर सावली पूर्वेला अगदी खाली आणि अर्धा चंद्र दक्षिणेकडे उंच, असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी मात्र चंद्र याच पट्ट्याच्या आसपास उगवतो. महिन्यातल्या सगळ्या दिवसांपैकी पृथ्वीच्या सावलीच्या दिशेला चंद्र सर्वांत जवळ असतो तो पौर्णिमेला, आणि त्याच दिवशी तो पूर्ण भरलेला असतो. सावलीमुळे कला होत असत्या, तर तो त्या दिवशी सर्वांत काळा दिसायला हवा होता.

6. अमावास्येला चंद्र कुठे जातो?

तो आकाशातच असतो, पण सूर्याच्याच बाजूला. त्याची उजळलेली बाजू सूर्याकडे आणि अंधारी बाजू आपल्याकडे असते. शिवाय तो सूर्यासोबत उगवतो आणि सूर्यासोबतच मावळतो, म्हणून त्या तेजात तो दिसत नाही. पृथ्वीची सावली तेव्हा नेमकी विरुद्ध दिशेला असते. म्हणजे चंद्र अगदी दिसेनासा होतो तेव्हा तो सावलीपासून सर्वांत लांब असतो.

7. पृथ्वीची सावली चंद्रावर पडतच नाही, तर मग चंद्रग्रहण कसे होते?

सावली पडते, पण क्वचित आणि थोडा वेळ. तेव्हाच चंद्रग्रहण होते. चंद्रग्रहण फक्त पौर्णिमेलाच होऊ शकते, कारण तेव्हाच पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये असते. कला आणि ग्रहण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या ओळखण्याच्या चांगल्या खुणाही आहेत.

पहिली खूण वेळाची. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. चंद्राच्या कडेवर गडद सावली रात्री सुमारे 9 वाजून 57 मिनिटांनी चढू लागली, 11 वाजून 1 मिनिटाच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला गेला आणि दीडच्या आधीच सावली पूर्णपणे उतरलीदेखील. साडेतीन तासांत सगळे संपले. पौर्णिमेच्या चंद्राला कलेकलेने कमी होत अमावास्येपर्यंत पोहोचायला मात्र सुमारे पंधरा दिवस लागतात.

दुसरी खूण रंगाची. पूर्ण झाकला गेल्यावर चंद्र नाहीसा न होता तांबूस दिसतो, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळलेला थोडा लालसर प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचतो. कलांमध्ये असा तांबूस रंग अंधाऱ्या भागावर कधीच येत नाही.

तिसरी खूण आकाराची, आणि ती आम्हांला सर्वांत पक्की वाटते. चंद्र जेथे असतो तेथे पृथ्वीची गडद सावली गोल असते आणि तिची रुंदी चंद्राच्या अडीच पटींहून अधिक असते. एवढ्या मोठ्या गोल सावलीची कड चंद्रावर आली, तर उजळलेल्या भागात ती नेहमी आतल्या बाजूलाच वळलेली दिसेल. कागदावर करून पाहा: पांढऱ्या कागदाचे 4 सेंमी व्यासाचे वर्तुळ कापून तो चंद्र माना आणि काळ्या कागदाचे सुमारे 10 सेंमी व्यासाचे वर्तुळ कापून ती सावली माना. काळे वर्तुळ पांढऱ्यावर हवे तसे सरकवा. अष्टमीच्या चंद्राची सरळ कड तुम्हांला मिळणार नाही, आणि दशमी-द्वादशीच्या चंद्राची बाहेर फुगलेली कड तर मुळीच मिळणार नाही.

8. मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?

चंद्राची फिरण्याची वाट पृथ्वीच्या वाटेच्या तुलनेत सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

पाच अंश ऐकायला फार कमी वाटतात, पण अंतरे लक्षात घेतली की उलगडा होतो. पुन्हा संत्रे घ्या आणि ते चंद्र आहे असे माना. संत्रे 7 सेंमी रुंद असेल, तर त्याच मापाने पृथ्वी सुमारे 26 सेंमी, म्हणजे बास्केटबॉलपेक्षा किंचित मोठी होईल, आणि संत्रे तिच्यापासून पावणेआठ मीटर दूर, म्हणजे वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरावे लागेल. एवढ्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली सुमारे 18 सेंमी रुंद असेल. आणि 5 अंशांच्या कलामुळे संत्रे त्या सावलीच्या मध्यापासून जास्तीत जास्त सुमारे 69 सेंमी वर किंवा खाली जाऊ शकते. अठरा सेंमीच्या सावलीत शिरायला संत्र्याला बरेच नेमके यावे लागेल. अशी संधी साधारण सहा-सहा महिन्यांनी येते, आणि तेव्हाही ग्रहण प्रत्येक वेळी खग्रास नसते.

पुस्तकात जागा कमी असल्यामुळे पृथ्वी आणि चंद्र शेजारी-शेजारी काढलेले असतात. ते चित्र पाहून सावली टाळणे अशक्य वाटते. चूक चित्राची नाही, ते प्रमाणात नसते एवढेच.

9. वर्गात बल्ब आणि चेंडू घेऊन प्रयोग केला, तर पौर्णिमेच्या वेळी चेंडूवर डोक्याची सावली पडली. म्हणजे सावलीच झाली ना?

हा प्रश्न शिक्षकांकडून बरेचदा येतो. अंधाऱ्या खोलीत एकच बल्ब लावून मूल हातात चेंडू धरून स्वतःभोवती फिरते. त्याचे डोके ही पृथ्वी, चेंडू हा चंद्र. बल्बकडे पाठ झाली की डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि पौर्णिमेच्या जागी अंधार दिसतो. मुले हेच लक्षात ठेवतात आणि चुकीची समजूत आणखी घट्ट होते.

येथे चेंडू डोक्याच्या फारच जवळ आहे. खऱ्या प्रमाणात तो किती लांब हवा, हे प्रश्न 8 मध्ये पाहिले. त्यामुळे हात थोडा उंच करून चेंडू डोक्याच्या वरून उजेडात येईल असा धरायला सांगावे. मग पाठीमागच्या बल्बच्या प्रकाशात पूर्ण उजळलेला चेंडू दिसतो. सगळ्या कला एकदा नीट पाहून झाल्या, की मुद्दाम हात खाली आणून सावली पाडावी आणि हे ग्रहण आहे, असे वेगळे सांगावे. हा क्रम उलटू नये.

10. संकष्टीला चंद्र उगवतो तेव्हा वरच्या बाजूने थोडा कमी दिसतो. पौर्णिमा तर नुकतीच झाली. ही तरी सावली असेल ना?

नाही, पण शंका विचार करण्यासारखी आहे. संकष्टीला टेकडी गणपतीला जाऊन आल्यावर घरोघरी चंद्रोदयाची वाट पाहिली जाते. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र वद्य चतुर्थीला रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान दिसू लागतो.

त्या वेळी पृथ्वीच्या सावलीची दिशा आकाशात बरीच वर चढून गेलेली असते. हात लांब करून मूठ धरली, तर तिची रुंदी आकाशात सुमारे 10 अंश भरते. संकष्टीचा चंद्र सावलीपासून साधारण चार मुठी खाली असतो. सावली स्वतः मात्र दीड अंशाएवढीदेखील रुंद नसते. चार मुठींवरची एवढीशी सावली चंद्राला झाकू शकत नाही. सूर्य त्या वेळी पश्चिम क्षितिजाच्या बराच खाली गेलेला असतो, म्हणजे चंद्रापासून पाहता तो खालच्या दिशेला असतो, म्हणून चंद्राची खालची बाजू भरलेली आणि वरची कड अंधारात असते. ती कड बाहेर फुगलेली आहे, हेही प्रश्न 7 मधील खुणेवरून तपासता येईल.

11. बारीक कोर असते तेव्हा उरलेला चंद्रही अंधुक दिसतो. तो कसा?

तो पृथ्वीच्या उजेडामुळे दिसतो. द्वितीया-तृतीयेच्या संध्याकाळी चंद्रावरून पाहिले, तर आपली पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसेल. तिच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्राच्या रात्रीवर पडतो आणि तो भाग राखाडी दिसतो. तेथे पृथ्वीची सावली असती, तर पृथ्वीचा उजेड पोहोचण्याचा प्रश्नच आला नसता.

12. शुद्ध पक्षात चंद्राची उजवी बाजू उजळते, असे पाठ केले. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कोर आडवीच दिसते. असे का?

उजवी-डावी असे पाठ करू नये. उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते, एवढेच लक्षात ठेवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपुरातून पाहताना नवी कोर मावळलेल्या सूर्याच्या जवळजवळ थेट वर असते, म्हणून तिचा उजळ भाग खाली आणि दोन्ही टोके वर दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती सूर्याच्या तिरक्या बाजूला असते, म्हणून कोरही कलंडलेली दिसते. ऑस्ट्रेलियातून पाहणाऱ्याला तर शुद्ध पक्षात चंद्राची डावी बाजू उजळलेली दिसते.

13. कॅलेंडरमध्ये अष्टमी आहे, पण चंद्र नेमका अर्धा दिसत नाही. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यामधील कोनावरून मोजतात आणि दर 12 अंशांना एक तिथी होते. शुद्ध अष्टमी 84 अंशांपासून 96 अंशांपर्यंत असते. चंद्र नेमका अर्धा दिसतो तो 90 अंशांवर, म्हणजे अष्टमीच्या मध्यावर. कॅलेंडरमध्ये सूर्योदयाच्या वेळची तिथी छापतात, त्यामुळे तो क्षण कधी दिवसा, कधी मध्यरात्रीनंतर येतो, आणि संध्याकाळी चंद्र अर्ध्याहून किंचित कमी किंवा जास्त दिसू शकतो. प्रश्न 4 मधील संत्र्याचा प्रयोग अशा दिवशीही चालतो. संत्रे चंद्राइतकेच किंचित कमी किंवा जास्त भरलेले दिसेल.